मुलीच्या चॅटची फाइल

माझी मुलगी अकरावीला आहे. त्या रविवारी सकाळी तिचा फोन ओट्यावर चार्जिंगला होता, आणि स्क्रीनवर तिच्या मैत्रिणीचा मेसेज चमकला: ‘परत केएमएस म्हणालीस तर बघ.’ मी हाक मारून विचारलं, हे केएमएस काय असतं गं? तर म्हणे, ‘किल मायसेल्फ. जोक असतो मम्मी, सगळेच म्हणतात.’

डोकंच फिरलं माझं. पंधरा दिवस झाले पोरगी अर्धी पोळी खाऊन उठत होती, आणि ही म्हणते जोक! मी लई बोलले तिला. मग त्या मैत्रिणीबरोबरचं सगळं चॅट फाइल करून तिनं माझ्या फोनवर पाठवलं. ‘घे, वाच. पण कुणाला दाखवायचं नाही.’ मी ‘नाही दाखवत’ म्हणाले, आणि ती तिच्या खोलीत गेली.

फाइलमध्ये प्रत्येक ओळीला तारीख, वेळ, नाव आणि मग मेसेज. फोटोंच्या जागी नुसतं ‘मीडिया’ वगैरे लिहिलेलं. भाषा मराठी, हिंदी, इंग्रजी, आणि उरलेली देव जाणे कुठली. दोन पानांतच मी हात टेकले, आणि अख्खी फाइल पडेगावला भाचीला पाठवून दिली. ती कॉलेजात शिकते. म्हटलं, तीच सांगेल, आणि घरातलीच तर आहे.

भाचीचा व्हॉइस मेसेज आला. ‘मावशी, कवटीचं चित्र म्हणजे हसून हसून मेले. कुक्ड म्हणजे वाट लागली. डेलुलू म्हणजे उगाच स्वप्नं बघणारी. पण नुसता शब्द नको बघू. त्याच्या आधी काय झालं, मैत्रीण काय म्हणाली आणि नंतर गप्पा कुठं गेल्या, ते बघ.’

मग मी तसं वाचायला बसले. ‘केएमएस’ सात वेळा सापडलं. एकदा केमिस्ट्रीच्या पेपरनंतर, आणि मैत्रिणीनं त्यावर तीन कवट्या टाकलेल्या. दोन मिनिटांत दोघी भेळ खायला कुठं जायचं ते ठरवत होत्या. एकदा केस वाकडे कापले गेले म्हणून. मला हसूच आलं. उगाच बोलले पोरीला, असं वाटायला लागलं.

पुढं तीन आठवड्यांपूर्वीच्या मंगळवारी कवट्याच थांबल्या. वेळ दुपारी दोनची, म्हणजे पोरगी क्लासमध्ये असायची ती वेळ. तिनं लिहिलं होतं: ‘आज पण क्लासला नाही गेले. बागेत बसलीये. सकाळी उठूच नये असं वाटतं. जोक नाहीये.’ त्यात एकही नवीन शब्द नव्हता, भाचीला विचारण्यासारखं काही नव्हतं.

मैत्रिणीनं कवटी टाकली नव्हती. ‘तिथंच थांब, मी येते. पप्पांना आत्ता फोन कर, नाहीतर मी करते.’ आणि दुसऱ्या दिवशी पोरीचा मेसेज: ‘पप्पा काउन्सिलर मॅडमकडं घेऊन गेले. बरं वाटलं. पप्पा म्हणाले, मम्मीला इतक्यात नको सांगायला.’

तीन आठवडे! चिकलठाण्याच्या कंपनीत ओव्हरटाइम आहे, असं मला सांगून हा माणूस पोरीला डॉक्टरकडं नेत होता, आणि मी मूर्खासारखी दोघांचे डबे भरत होते. ज्या मैत्रिणीला मी वाया गेलेली म्हणायचे, तिलासुद्धा ठाऊक. सगळ्यांना ठाऊक, फक्त जिनं जन्म दिला तिला नाही.

मी हॉलमध्ये जाऊन फोन नवऱ्यासमोर धरला. ‘अहो, मी काय परकी आहे का या घरात?’ त्यानं वाचलं. आवाज ऐकून पोरगी बाहेर आली.

‘इतक्यात नको सांगायला म्हणून मीच आग्रह धरला होता पप्पांकडं,’ ती म्हणाली. ‘तुला सांगायचं होतं मम्मी. तोंडानं जमत नव्हतं, म्हणून तर अख्खं चॅट दिलं. पण तू काळजीत पडलीस की सगळ्यांना फोन करतेस. मला ते नको होतं.’

‘एवढा पण विश्वास नाही आईवर?’ मी रडायलाच लागले. खरंच, इतकं फसवल्यासारखं मला कधी वाटलं नव्हतं.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन वाजला. माझी बहीण होती, भाचीची आई. टेबलावरचा फोन त्यानं तसाच स्पीकरवर घेतला. ‘दाजी, पोरीचं सगळं वाचलं आत्ताच. आमच्या सासूबाई म्हणतात, एकदा दृष्ट काढून बघा.’

त्यानं घाईघाईनं फोन बंद केला. पोरीनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं ती ओरडेल, आणि ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच त्याच्या शेजारी जाऊन बसली.

‘पप्पा, गुरुवारी मॅडमकडं आपण दोघंच जायचं ना?’

तो हो म्हणाला.