भगवंतराव गुरुजींच्या फाइली

गुणवंताची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा तो पांढुर्ण्याच्या बाजारात होता आणि मी दहा कोसांवर, जवळजवळ सौसरात. त्याने भोंग्यावर ‘हॅलो, हॅलो’ केलं, तसा मधल्या बागांतला संत्र्याचा बहार गळाला, इटारसीची गाडी हिरवा दिवा असून उभी राहिली, आणि माझे ठार बहिरे चुलते ‘कोण आहे?’ म्हणाले.

अशा या भोंगेवाल्याकडे १९८९च्या शेवटी नागपूरच्या एका कंपनीचा अनिल कॉम्प्युटर घेऊन आला. मुलांच्या कॉम्प्युटरवरच्या खेळासाठी राजाचा आवाज भरायचा होता. राजा अर्थात भगवंतराव गुरुजी. गावच्या नाटकात त्यांनी दुसऱ्या कुणाला राजा होऊच दिलं नव्हतं. काम जमलं तर गुणवंताला नागपुरात नोकरी मिळणार होती. त्याने त्याच आठवड्यात भोंगे विकून टाकले.

अनिलच्या कागदावर दर ओळीत एक वाक्य आणि त्याच्या आधी क्रमांक, कोण बोलतो, कुठे, कोणत्या भावात.

“हे काय? नाटक कुठं गेलं?” गुरुजी गरजले.

“पोरगं ज्या दारात शिरेल त्या दारातलं वाक्य वाजेल, गुरुजी. म्हणून एकेक सुटं,” अनिल म्हणाला.

गुणवंताने ‘या, बसा’ हे वाक्य वेगळं टेप करून नमुना धरलं आणि बाकीचं प्रत्येक त्याच्या शेजारी वाजवून कानाने जुळवलं. “मीटरची सुई नुसता झटका दाखवून राहिली. कुजबुज अन् आरोळी, दोघांले सारखीच उडते. कानाले मात्र कुजबुज मरतुकडीच लागते.” मग कुजबुज वाढव, आरोळी उतरव, माइक हलवायचा नाही. तो खरोखर उत्तम काम करत होता.

फाइलीचं नाव जास्तीत जास्त आठ इंग्रजी अक्षरांचं, अनिलने सांगितलं. आर झिरो दोन झिरो सात म्हणजे राजा, दुसरं दृश्य, सातवं वाक्य. एवढं सांगून तो जामसांवलीला दर्शनाला गेला.

“गुरुजींले आर झिरो दोन म्हणू? कैदी हायेत का ते?” गुणवंता म्हणाला. प्रत्येक फाइलीला त्याने इंग्रजीत सन्मानाने ‘भगवंतराव’ असं पूर्ण नाव दिलं, आणि पुढे क्रमांक. कॉम्प्युटर मुकाट्याने घेत गेला.

परतल्यावर अनिलने पाहिलं तर फाइल एकच. कॉम्प्युटरने पहिली आठ अक्षरं ठेवली होती, उरलेलं नाव आणि क्रमांक छाटले होते. प्रत्येक नवं वाक्य मागच्याच्या जागी बसलं होतं.

“काहून विचारलं नाही त्यानं मले?” गुणवंता कॉम्प्युटरकडे बोट दाखवून म्हणाला.

“तो विचारत नाही, भाऊ. सकाळी मला हे नागपूरला न्यायचंय.”

“गुरुजी, पुन्हा भरू?”

गुरुजींनी तोंड उघडलं. आरोळ्यांनी घसा बसला होता. नुसती हवा आली.

अनिल सकाळच्या गाडीने गेला. खेळ नागपुरातल्याच कुणाच्या आवाजात निघाला. गुणवंता पुढे कापसाच्या जिनिंगमध्ये गठ्ठे मोजायला लागला, आणि तिथे यंत्रांच्या खडखडाटात कुणाला काही ऐकू येत नाही.