फुल फॉरमॅट

मंगळवार पेठेत प्रसेनजीत कांबळे कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. २००८ साली गारगोटीची अक्षता त्याच्याकडे हार्डडिस्क घेऊन आली. वारलेल्या वडिलांनी गायलेली भीमगीतं तिनं त्यात साठवली होती. व्हायरस काढायला दिली, तर गावातल्या दुकानदारानं न विचारता डिस्कचे दोन्ही भाग फॉरमॅट केले होते.

पहिल्या भागातून चाळीस गाणी निघाली. तिथं क्विक फॉरमॅट झालं होतं. फायलींची यादी गेली होती, गाणी जागच्या जागी होती. दुसऱ्या भागात नुसती शून्यं.

प्रसेनजीतनं दुकानदाराला फोन लावला. “फुल फॉरमॅट का मारलंस?”

“त्यानं डिस्क स्वच्छ हुतीया की! सॉफ्टवेअर लाव, येतंय सगळं.”

“न्हाय येत! तुझ्या कॉम्प्युटरवरच्या नव्या व्हिस्टात फुल म्हंजे सगळीकडं शून्यं लिहून टाकतंय. माणसाचा आवाज पुसलास, आणि एका शब्दानं इचारलं न्हाईस?”

पलीकडून फोन कट झाला. प्रसेनजीतनं अक्षताला खरं ते सांगितलं. ती रडली नाही. “आता मीच बोलते त्याच्याशी,” म्हणाली, आणि चाळीस गाण्यांची सीडी पर्समध्ये टाकून तडक गारगोटीच्या एसटीला गेली.