भिजलेला फिल्टर

घरापासून खोकत आलेली बाबांची जुनी स्कूटर बडा गणपतीच्या देवळाजवळ बंद पडली. बाबा घामाघूम होऊन किक मारत राहिले. "पेट्रोल में कचरा है, भिया," पानवाला मला डावलून त्यांनाच सांगत होता. मी पॉलिटेक्निकला ऑटोमोबाइल शिकत होते, पण बाबांना मेकॅनिकच हवा होता.

"दहा मिनिटं थांबा," मी चिडून म्हणाले.

कार्ब्युरेटरखालचा स्क्रू ढिला केला, तर खाली धरलेल्या बाटलीच्या झाकणात स्वच्छ पेट्रोल आलं; कचरा नव्हता. स्क्रू घट्ट करून सांडलेलं पुसलं आणि स्पार्क प्लग काढला. तो काळा आणि पेट्रोलने ओला होता. पुसून, वायरची कॅप परत लावून, प्लगच्या भोकापासून लांब इंजिनाच्या धातूला टेकवला आणि बाबांना किक मारायला लावली. निळी ठिणगी पडली.

पेट्रोल होतं, ठिणगी होती; आता हवाच तपासायची राहिली. एअर फिल्टरचा डबा उघडला, तर आतला कागद भिजून लगदा झालेला.

"सकाळी गाडी धुतलीत?"

"थोडा पाइप मारला होता."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तूने पूछा कहाँ?"

मला रडू येईल इतका राग आला. फिल्टर काढला, प्लग बसवला आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळून किक मारली. चौथ्या किकला काळा धूर सोडत गाडी सुरू झाली. ती लगेच बंद करून मी समोरच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून नवा फिल्टर आणून बसवला.

पानवाल्याने बाबांचं अभिनंदन केलं. बाबांनी ते घेतलंसुद्धा.