दोन सरासऱ्या आणि मावशांचा कापूस

निजामाच्या राज्यात जालन्याला आमची कापसाची अडत होती. खरेदी-विक्री काका बघत. मी पंचवीस वर्षांचा, गणित शिकून आलेला आणि शिष्ट. ती खरेदी-विक्री मला हवी होती.

मुंबईचा भाव रोज तारेने येई. त्यावरून मी दोन सरासऱ्या काढी, शेवटच्या तीन दिवसांची आणि शेवटच्या सहा दिवसांची. तीनची सहाच्या वर गेली की घ्यायचं, खाली आली की विकायचं. पहिल्या हंगामात भाव सरळ चढत गेला. माझा इशारा उशिरा आला, तरी पुढे चढ इतका होता की नफा झाला. पुढच्या हंगामाच्या तोंडावर काका म्हणाले, "औंदा तूच बघ. जमलं तर कायमचं तुझ्याकडं."

माझे मावसे हसनाबादचे शेतकरी. त्यांनी वर्षाचा सगळा कापूस आणून टाकला. "तू म्हणशील तवा इकू," म्हणाले.

त्या वर्षी भाव कुठेच जाईना. साठ, बासष्ट, चौसष्ट, सहासष्ट, परत चौसष्ट, बासष्ट, साठ. भाव सहासष्टला पोचला त्या दिवशी माझी सरासरी वर गेली आणि मी दुकानासाठी कापूस घेतला. तो उतरून साठला आला त्या दिवशी ती खाली गेली, मी विकला. पुन्हा तेच झालं. काकांना मी सांगितलं, दोनदा चुकलं म्हणजे आता बरोबर येणार. इतका मूर्खपणा गणित शिकलेलाच करू जाणे.

तिसऱ्यांदा सरासरी खाली आली तेव्हा मावशांचा सगळा कापूस साठने विकला. तीन दिवसांनी भाव सहासष्ट.

मग शांतपणे आकडे मांडले. सहा दिवसांत भाव वर जाऊन खाली येत होता, म्हणून सहाची सरासरी त्रेसष्टवरच बसलेली. तीनची मागच्या दिवसांना धरून चाललेली. ती वर जाईपर्यंत चढ संपलेला असे, खाली येईपर्यंत उतार. भाव लांब जाणार असेल तरच हा उशीर परवडतो. काकांना तसं सांगितलं.

"हे कवा कळलं?"

"आज."

"मंग मावशाला सांगून ये. आकडे नको सांगू."

मला लाज वाटली, काकांचा रागही आला. तरी हसनाबादला गेलो. मावसे ओसरीवर बसले होते. ऐकून घेतलं, मावशीला चहा टाकायला सांगितला.

"चूक व्हती कुनाचीबी," म्हणाले. "जेवून जा."

काकांनी खरेदी-विक्री माझ्याकडून काढून घेतली नाही. पुढच्या हंगामात मावसे बाजाराला आले, दुकानात बसले, माझ्या मुलाला गूळ दिला. त्यांची कापसाची गाडी शेजारच्या अडतीसमोर उभी होती.