भोंग्याचं गुपित

पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या त्या कारखान्यात त्याला तोंडावर सगळे दादा म्हणत आणि पाठीमागे भोंगा. दोन्ही प्रेमानेच. मेंटेनन्सचा तो मुख्य. उभा जन्म मशीनच्या धडधडाटात गेलेला, त्यामुळे त्याने साधं "पाना दे" म्हटलं की पलीकडच्या शेडमधलाही कुणीतरी पाना घेऊन धावत यायचा. एकदा मालकांच्या वाढदिवसाला गुपचूप केक आणायचं ठरलं, तर ते गुपित त्याने कुजबुजून सांगितल्यावर वरच्या केबिनमधून मालकच म्हणाले, "अंड्याचा नको हं!" अशा माणसावर एके दिवशी गुपित राखायची पाळी आली. देवालाही थट्टा सुचते ती अशी.

गोष्ट सुरू झाली ती नातीच्या पोटदुखीपासून. दादाला नात बोलायला लागल्यापासून तिच्या बोलण्यातलं निम्मंअर्धंच ऐकू यायचं. मशीनची घरघर, ट्रकचा आवाज, मालकांचं ओरडणं सगळं कळायचं; पोरीचा बारीक आवाज तेवढा कानापर्यंत पोचायचाच नाही. मग तो आपला हसून "हो का? अरे वा!" म्हणून वेळ मारून न्यायचा. एका संध्याकाळी ती त्याच्या गुडघ्याला बिलगून काहीतरी म्हणाली आणि तो म्हणाला, "अरे वा!" पोरगी भोकाड पसरून आईकडे पळाली. ती म्हणत होती, "आजोबा, माझं पोट खूप दुखतंय."

त्या रात्री तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी कुणी न सांगता कानाच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टर म्हणाले, "बारीक आवाज गेलेत ते गेलेच. कानाला यंत्र लावलं की थोडेफार परत मिळतील. पण आहे ते टिकवायचं असेल तर त्या गोंगाटातून बाहेर पडा." कानात बोळे घालायचा सल्ला त्याला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून मिळत होता. त्याचं उत्तर ठरलेलं होतं, "कान बंद केल्यावर मशीनचं दुखणं मला काय स्वप्नात येऊन सांगणार?"

आता या वयात शांत नोकरी कोण देणार, या विचारात असतानाच त्या बाईंचा फोन आला. कंपन्यांना हवी तशी अनुभवी माणसं हेरून, त्यांच्याशी बोलून, दोघांची गाठ घालून देणं हा बाईंचा धंदा. त्यांना दादाचं नाव त्याच क्षेत्रातल्या कुणीतरी सुचवलं होतं. बाईंनी रीतीप्रमाणे आधी विचारलं, "आत्ता मोकळेपणाने बोलता येईल का? नसेल तर नुसतं नाही म्हणा." दादाने टाळता यावं म्हणून जे उत्तर दिलं, ते असं: "कसली नोकरी? राँग नंबर!" अख्ख्या शेडने माना वळवल्या. ऑइल-ग्रीस बघणारा वंगण्या, पोऱ्या म्हणण्याइतका लहान नव्हे पण अजून हूड, तो तर हातातली तेलाची बरणी घेऊन तसाच उभा राहिला.

दोन दिवसांनी सुट्टी बघून दादा स्वतःच बाईंच्या ऑफिसात गेला. औषधाच्या दुकानावरची छोटीशी खोली, दोन खुर्च्या, खिडकीत एक तुळतुळीत पानांचं झाड. बाई इतक्या हळू बोलणाऱ्या की दादाला खुर्ची टेबलाला भिडवावी लागली.

"आधी एक सांगतो मॅडम," तो म्हणाला, "आमच्या मालकांना यातलं अक्षर कळता कामा नये."

"जरा हळू. खाली औषधाच्या दुकानात गर्दी आहे," बाई म्हणाल्या. "मालक त्रास देतील का?"

"देवमाणूस आहे हो. पण मनाला लावून घेतात. आमचा डिस्पॅचवाला दुसरीकडे नोकरी बघतोय हे त्यांना तिसऱ्याच माणसाकडून कळलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या हातातली गोदामाची किल्ली काढून घेतली. पुढे त्याची ती दुसरी नोकरीही बारगळली. धोब्याचा कुत्रा, ना घरका ना घाटका. मला तसं व्हायचं नाही. आणि दुसरं म्हणजे..." इथे दादाचा आवाज पहिल्यांदाच जरा खाली आला, "मी जाणार असेन, तर ते त्यांना माझ्या तोंडून कळायला पाहिजे. माझ्या पहिल्या पगारापासून त्यांच्याकडे आहे मी."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग एकेक गोष्ट ठरली. दादाची माहिती कुठल्याही कंपनीकडे जाईल ती आधी नाव आणि कारखाना न सांगता. कंपनी कोणती ते बाई आधी दादाला सांगतील, आणि त्याने होकार दिल्याशिवाय नाव पुढे जाणार नाही. कारखान्याचा फोन, कारखान्याचा मेल, दोन्ही वर्ज्य. फक्त दादाचा स्वतःचा मोबाईल. कामाच्या वेळात फोन नाही. आधी "वेळ आहे का?" एवढाच मेसेज, दादाने अंगठा पाठवला तरच फोन. चौकशी करायची तर पूर्वीच्या रिटायर झालेल्या मॅनेजरांकडे. मालकांकडे मुळीच नाही, लेखी ऑफर हातात येऊन दादाने ती स्वीकारेपर्यंत.

"हे माझ्या बाजूचं वचन," बाई म्हणाल्या. "समोरच्या कंपनीलाही मी बजावून ठेवते. पण दुसऱ्याच्या तोंडाला कुलूप लावायची किल्ली माझ्याकडे नसते, हे आधीच सांगते. म्हणून प्रत्येक नावाला नीट विचार करून हो म्हणा. आणि तुम्ही स्वतः कुणाला बोलू नका."

"मी? छे! पोटातलं ओठावर येणार नाही," दादा म्हणाला. खाली औषधाच्या दुकानात कुणीतरी खोकलं.

फोनवर बोलायचं कुठे, हा प्रश्न उरला. घरी शक्य नव्हतं. भिंतीला भिंत लागून कारखान्याचे अकाउंटंट राहायचे. शेवटी दादानेच युक्ती काढली. सुट्टी झाल्यावर कारखान्याच्या पार्किंगमध्ये, कॉम्प्रेसरच्या खोलीशेजारी, स्वतःच्या गाडीत काचा वर करून बसायचं. फोन गाडीच्या स्पीकरला जोडायचा, म्हणजे बाईंचा बारीक आवाज नीट ऐकू येईल. बंद गाडीतलं बोलणं बाहेर जातं कुठे? या शोधावर तो स्वतःवरच खूश होता.

पहिला फोन आला. "एक कंपनी आहे," बाईंनी नाव सांगितलं. नाव ऐकताच दादा ओरडला, "नको! त्यांचा मालक दर रविवारी आमच्या मालकांबरोबर पत्ते खेळतो!" बाईंनी ते नाव तिथेच खोडलं. इतक्यात शेजारच्या खोलीतला राखीव कॉम्प्रेसर धडाडला. दादाच्या पायाखाली गाडी थरथरली. "या वंगण्याला आत्ताच सुचतं टेस्टिंग!" दादा चरफडला आणि त्याने स्पीकर आणखी मोठा केला.

मग हे रोजचंच झालं. बाईंचा फोन आला रे आला की कॉम्प्रेसर सुरू. शेवटी एके दिवशी दादाने वंगण्याला धारेवर धरलं. "सुट्टीनंतर कसलं टेस्टिंग करतोस रे? वीज काय तुझ्या सासऱ्याची आहे?" वंगण्याने कान खाजवला. "दादा, राखीव मशीन अधूनमधून फिरवलं नाही तर अडकतं. तुम्हीच शिकवलंत." हे खरं होतं, त्यामुळे दादा कुरकुरत आपल्या कामाला लागला.

दुसरी कंपनी मशीन विकणारी होती. तिला गिऱ्हाइकांच्या दुरुस्त्यांचं वेळापत्रक आखायला आणि नवख्या फिटरना शिकवायला जाणता माणूस हवा होता. बसायचं ऑफिसात, खिडकीबाहेर झाडं. दादाने हो म्हटलं, तेव्हा कुठे बाईंनी त्याचं नाव दिलं. मुलाखत त्याच्या रजेच्या दिवशी झाली. नंतर कंपनीच्या साहेबांनी आताच्या मालकांना एक फोन करू का, असं विचारलं. बाईंनी साफ नकार दिला आणि त्याच संध्याकाळी दादाला ते सांगितलं. "ते नाराज तर नाही ना झाले?" दादा गाडीत घामाघूम. "उलट बरं वाटलं त्यांना," बाई म्हणाल्या. "उद्या त्यांच्या माणसांचंही गुपित मी असंच राखेन, हे त्यांना कळलं." बाजूला कॉम्प्रेसर जीव तोडून धडधडत होता.

लेखी ऑफर आली. दादाने ती चष्मा लावून वाचली, बायकोला वाचायला लावली, पगार आणि रुजू व्हायची तारीख पुन्हा तपासली आणि होकार कळवला. मग दुसऱ्या दिवशी सकाळी स्वच्छ शर्ट घालून तो मालकांच्या केबिनचा जिना चढला.

मालकांनी राजीनामा दोनदा वाचला. मग म्हणाले, "हलकं काम मागायचंस की माझ्याकडे."

"मागितलं असतं. पण इथे शांत जागा कुठली, सांगा तुम्हीच."

मालकांनी खिडकीतून खाली बघितलं. खाली सगळी मशिनं चालू होती. "नाही रे," ते म्हणाले, "एकही नाही." मग त्यांनी राजीनामा ड्रॉवरमध्ये ठेवला आणि नाक पुसलं. "बाहेरून कळलं असतं ना, तर तुझं तोंड बघितलं नसतं मी. तू येऊन सांगितलंस. बस, चहा घे." नोटिशीचा महिना नीट पुरा करायचं ठरलं. दादा खाली उतरला तो आनंदाने की दुःखाने, ते त्याचं त्यालाच कळेना.

संध्याकाळी बाईंचा मेसेज आला, "वेळ आहे का?" दादाने अंगठा पाठवला आणि सवयीने गाडीत जाऊन बसला. "सांगितलंत मालकांना?" स्पीकरमधून बाईंचा आवाज आला आणि पाठोपाठ कॉम्प्रेसर धडाडला. दादाचं डोकं फिरलं. तो दार उघडून तरातरा त्या खोलीत गेला.

वंगण्या स्विचपाशी उभा होता. सोबत बॉयलरवाला होता, आणि दारात पॅकिंगच्या दोन बायका पहारा दिल्यासारख्या.

"बंद कर ते! आता लपवायचं काही नाही, सांगितलं मी मालकांना!"

वंगण्याने स्विच बंद केला. खोलीत एकदम सामसूम झाली.

"सुटलो बुवा," बॉयलरवाला म्हणाला. "रोज सुट्टीनंतर थांबावं लागायचं. घरी बायको संशय घ्यायला लागली होती."

दादा एकाकडून दुसऱ्याकडे बघत राहिला. "म्हणजे?"

"दादा, तुमच्या गाडीतलं सगळं बाहेर ऐकू यायचं," पॅकिंगमधली मोठी बाई म्हणाली. "त्या मॅडमचं सुद्धा. 'हे आपल्या दोघांतच' म्हणाल्या ना, ते मी गेटावर ऐकलं. आणि मालकांच्या केबिनची खिडकी बरोब्बर वर."

"म्हणून लावायचो हे," वंगण्या कॉम्प्रेसरवर हात ठेवून म्हणाला. "मॅडमना तुम्ही सांगितलेलं नातीच्या पोटदुखीचंही ऐकलं आम्ही. तेव्हा तर पक्कंच ठरवलं, मालकांच्या कानावर जाऊ द्यायचं नाही."

दादाला खूप काही बोलायचं होतं. शिवी द्यायची होती, विजेचा हिशेब मागायचा होता, या सगळ्यांना सोडून आपण कुठे निघालो हेही विचारायचं होतं. पण जे बाहेर पडलं ते इतकं हलक्या आवाजात, की तसं तो जन्मात कधी बोलला नव्हता.

वंगण्याने कानाला हात लावला आणि पुढे झुकला. "काय म्हणालात दादा? ऐकू नाही आलं."

दादाने त्याला तेलकट अंगासकट जवळ ओढलं. पार्किंगमध्ये गाडीचं दार उघडंच होतं आणि स्पीकरमधून बाई सगळ्या कारखान्याला विचारत होत्या, "हॅलो? आहात ना तुम्ही?"