प्रस्थानाची पेटी

सिंगापूरला लेकीचं पहिलं बाळंतपण होतं. विमान शनिवारचं, आणि शनिवारी पूर्वेला निघू नये, म्हणून आमच्या घरच्या रीतीप्रमाणे गुरुवारीच चांगल्या वेळी एक पेटी शेजारच्या मास्तरांकडे प्रस्थान म्हणून ठेवली, म्हणजे निघणं त्या मुहूर्तावर झालं असं धरतात. शुक्रवारी बायकोच्या पोटात कळ उठली. अपेंडिक्स. त्याच रात्री ऑपरेशन झालं आणि दोन्ही तिकिटं बुडाली. ती सवलतीची होती, रद्द केली तर पैसे परत नाहीत.

प्रवासाचा विमा मात्र मी काढला होता. सायकलवर पितळी भांडी विकत दुकानापर्यंत आलेला माणूस पैसा उघड्यावर टाकत नाही. विमा कंपनीला पत्र लिहायचं तर इंग्रजी हवं. मी सांगत गेलो, मास्तर लिहीत गेले: कोणत्या तारखेला काय झालं, तिकिटांच्या पावत्या, विमान कंपनीचं रद्द केल्याचं पत्र, डिस्चार्जचा कागद, प्रवास करू नये असा डॉक्टरांचा दाखला. सुरुवातीलाच मी सांगितलं, गुरुवारी प्रस्थान झालं. मास्तरांनी लिहिलं, गुरुवारी प्रवासास निघालो.

महिन्याभराने उत्तर आलं: निघण्याआधी रद्द झालेल्या प्रवासाचीच भरपाई मिळते, तुम्ही तर निघाला होता.

मी तिरुच्चीच्या कचेरीत गेलो. तिथल्या अधिकाऱ्यासमोर दोघांचे पासपोर्ट आपटले. देश सोडल्याचा शिक्का दाखव म्हटलं. निघाली ती पेटी, आम्ही नाही.

तो शांतपणे म्हणाला, "मला ठाऊक आहे, सार. माझी आईसुद्धा प्रस्थान ठेवते."

"मग?"

"पण पत्रावर सही तुमची आहे."

म्हणजे सगळं कळत होतं त्याला. मला शिसारी आली. एखाद्याला कळलंच नाही तर समजावता येतं. कळूनही जो कागदाआड बसतो त्याचं काय करायचं? मी आवाज चढवला, वरच्या साहेबांकडे जातो म्हणालो. त्याने माझ्यासाठी कॉफी मागवली. मी ती घेतली नाही.

मग खालच्या आवाजात तो म्हणाला, खुलाशाचं पत्र दिलंत तर फाइल मद्रासला जाईल, किती महिने लागतील सांगता येत नाही. नाहीतर तडजोडीने रुपयाला बारा आणे, सही केलीत की लगेच देतो. पंधरा आण्यांवर ये म्हटलं. तो हसला. हा दर त्याच्या हातात नव्हता आणि ते मलाही माहीत होतं. दुकानात असं गिऱ्हाईक मी पायरीवरूनच परत पाठवलं असतं.

घरी बायकोला सांगितलं, मी लढणार. टाके काढून झाले होते, डॉक्टरांनी विमानाला परवानगी दिली होती.

ती म्हणाली, "लढा की. तोवर पोर एकटी बाळंत होऊ दे."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तिरुच्चीला गेलो. पावतीवर रेव्हेन्यू तिकिटाखाली छापील मजकूर होता, की माझी पूर्ण रक्कम मला मिळाली आणि आता काहीही येणं नाही. तो खोटा मजकूर दोनदा वाचला आणि सही केली. त्याच पैशात थोडी भर घालून त्याच संध्याकाळी बायकोचं एकटीचं, पूर्ण दराचं तिकीट काढलं.