ऱ्होडॉप्सिनला आवरा!

पालघरच्या आमच्या कॉलेजात मी बायोकेमिस्ट्री शिकवतो आणि संधी मिळेल तिथे नाटक बसवतो. त्या वर्षी निमित्त दिलं मुरबे बंदरावरच्या एका मुलीनं. तोंडी परीक्षेत ती एकदा नापास झालेली. पुन्हा नापास झाली तर पदवी लांबणार आणि तारापूरच्या औषध कारखान्यातली ठरलेली नोकरी हातची जाणार. आणि बाई छातीठोकपणे सांगायची, "उजेड पडला की डोळ्यातल्या पेशीची दारं उघडतात!"

"नाही गं बाई, बंद होतात!"

"मंग दिसतं कसं, सर?"

परीक्षेच्या आदल्या दुपारी मी प्रयोगशाळेतली बाकं बाजूला सारली. दोघादोघांच्या जोड्या म्हणजे दारं. मनगटात कागदी कडं, म्हणजे सायक्लिक जीएमपी, असेल तोवर दार उघडं. अंधारात असंच असतं. सोडियमवाले आरामात आत शिरतात. कडी कापणारे कात्रीवाले म्हणजे फॉस्फोडायएस्टरेज, गप्प उभे. निरोप पुढे नेणाऱ्या ट्रान्सड्यूसिनांच्या छातीवर जीडीपीची, म्हणजे 'झोपलेला' अशी, चिठ्ठी. उजेड टिपणारं ऱ्होडॉप्सिन अर्थातच मुरब्याची मुलगी. तिचा आवाज बंदरावरून थेट होडीपर्यंत पोचायचा.

मी टॉर्च एकदाच चमकवली. एक फोटॉन!

"आयला, लागला!" ती ओरडली आणि सुटलीच. जिला शिवेल ती ट्रान्सड्यूसिन जीडीपी फेकून जीटीपीची, म्हणजे 'जागा' अशी, चिठ्ठी लावणार आणि एका कात्रीला मोकळं करणार. एकेक कात्री कड्यामागून कडं कापत निघाली. धडाधड दारं मिटली, सोडियमवाले बाहेर ताटकळले. आत ऋणभार वाढला आणि पुढच्या पेशीकडे सतत झिरपणारं रसायन कमी झालं. ते कमी होणं हाच निरोप.

"समजलं! पन सर, मी थांबू कवा?"

मी उत्तर देईपर्यंत तिचं सगळ्या ट्रान्सड्यूसिनांना दुसऱ्यांदा शिवून झालं होतं. जमिनीवर कड्यांचा खच. मी कपाळाला हात लावला: तिला आवरणाऱ्या अरेस्टिनचं काम मी कुणाला दिलंच नव्हतं! मग काइनेज, अरेस्टिन, कॅल्शियम सगळे नेमले आणि संध्याकाळपर्यंत नाटक पुन्हा पुन्हा खेळलो.

दुसऱ्या दिवशी बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं तिला विचारलं, "हा निरोप थांबला नाही तर?"

"सर, काल पहिल्या खेळात थांबला नव्हताच! दारं बंदच राहिली. दुसरा उजेड आला असता तरी पेशीला कळला नसता."

परीक्षकांनी चष्मा काढला. "मग थांबवतं कोण?"

"काइनेज ऱ्होडॉप्सिनला फॉस्फेट लावतं, मंग अरेस्टिन त्याला धरून बसतं. ट्रान्सड्यूसिन आपला जीटीपी आपणच तोडून गप्प होतं, म्हणून कात्र्याही थांबतात. आणि दारं मिटल्यानं आत कॅल्शियम कमी झालेलं असतं ना, त्यामुळं नवी कडी भराभर तयार होतात. दारं परत उघडतात."

"पाठ केलंस?"

"नाय सर, पळून पळून पाय दुखतायत अजून."

परीक्षक खो खो हसले आणि त्यांनी पेन उचललं. ती पास होऊन बाहेर आली आणि तिनं पहिला फोन आईला लावला. कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या मलासुद्धा स्पष्ट ऐकू आलं, "आये, सोमवारपासून कामाला जाते मी!"